हो म्हणण्याआधी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही कान द्या. इतकी जुनी, की तेव्हा तळ्यांना नावं होती आणि राज्यांना नव्हती.

डोंगरांच्या कुशीत एक तळं होतं. चांदणतळं म्हणत त्याला. सकाळी त्याच्यावर असं धुकं उतरे, की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं ते काठावरच्या माणसाला कळू नये. त्या धुक्यातून छोटे छोटे डोंगे निघत. एका लाकडात कोरलेल्या त्या नावा. डोंग्यात बसून माणसं पाण्यावरचे शिंगाड्याचे वेल उचलत, काटे चुकवत फळं खुडत आणि वेल पुन्हा अलगद पाण्यावर सोडून देत. तळ्याकाठच्या भोयांचा हाच धंदा. शिंगाडे आणि मासळी.

या भोयांमध्ये गोमाजी नावाचा एक गृहस्थ होता. शिंगाडे सगळेच खुडत, पण गोमाजीचं खरं नाव होतं ते सोयरिकी जुळवण्यात. काठावरच्या बारा गावांतल्या प्रत्येक घराच्या सात पिढ्या त्याला तोंडपाठ. कुणाचं देवक कळंबाची फांदी, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं मामाकुळ कोणतं, सगळं त्याला ठाऊक. एकाच देवकाची दोन घरं म्हणजे भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. हे तर पोरासोरांनाही माहीत होतं. गोमाजी त्याच्या पुढचं पाहायचा.

स्थळ पाहायला तो कधी निरोप धाडून जात नसे. ऐन जेवणवेळी जायचा. पाहुण्याला पाणी कोण देतं, सासू सुनेला काय म्हणून हाक मारते, सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि तिच्या ताटात काय उरलेलं असतं, हे सगळं तो पाणी पिता पिता पाहून घेई. मग विहिरीवर जाऊन शेजारणींशी पावसापाण्याच्या गप्पा मारी. घरात कुणाला फेफरं येतं का, कुणी मोहाची दारू पितं का, हे त्याला असंच कळे. मग गुरुजींकडून पत्रिका पाहून घेतल्या, की सोयरीक पक्की.

"एकोणसत्तर लग्नं जुळवली," तो म्हणायचा, "एक मोडलं नाही."

आणि ते खरंच होतं.

गोमाजीला दोन मुली. थोरली सारजा. ती उपवर झाली, तसा गोमाजी स्वतःच्या लेकीसाठी बाहेर पडला. तीन महिने हिंडला. शेवटी पलीकडच्या काठावर भोयांचा जो मुखी होता, त्याचा मुलगा सोनबा त्याला पसंत पडला. घर भरलेलं, सासू गोड बोलणारी, मुलगा निर्व्यसनी आणि अबोल. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले.

मग मुलगी पाहायचा कार्यक्रम झाला. सोनबाकडची आठ माणसं आली. सारजाला पाटावर बसवलं. सोनबाच्या आत्याने नाव विचारलं, सुईत दोरा ओवायला लावला, ओल्या सारवणावरून चालून दाखवायला सांगितलं आणि तिच्या पावलांचे ठसे निरखले. सारजाने पोहे दिले, सुपारी दिली, मान खाली घालून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. सोनबाला कुणी काही विचारलं नाही. तो एका कडेला बसून पोहे खात होता. जाताना आत्याने सारजाच्या कपाळी कुंकू लावलं, ओटी भरली. पसंती झाली. तुळशीचं लग्न लागलं की सुपारी फोडायची, असं ठरलं.

चार दिवसांनी बाप-लेक एकाच डोंग्यात शिंगाडे खुडायला गेले. धुकं होतं. हातभर अंतरावरचा वेलही आधी सावलीसारखा दिसायचा, मग वेलासारखा.

"बाबा," सारजा म्हणाली, "एक मागू?"

"माग की."

"सुपारी फुटायच्या आधी मला त्यांच्याशी बोलायचंय. आम्ही दोघंच."

गोमाजीच्या हातातला वेल तसाच राहिला. "कुणाशी?"

"ज्यांच्याशी लग्न करायचं त्यांच्याशी."

"काय बोलणार आहेस?"

"ते बोलल्यावर कळेल ना."

गोमाजी आधी हसला. मग त्याला कळलं, पोर थट्टा करत नाहीये. "अगं, तुझ्या मायशी मी कुठं बोललो होतो? अंतरपाट खाली आला तेव्हा ती काळी की गोरी ते कळलं. झाला ना संसार? घर पाहिलं म्हणजे माणूस पाहिला, सारजे. घर कधी खोटं बोलत नाही."

"घर तुम्ही पाहिलंत, बाबा. चांगलंच पाहिलं असणार. पण मी नाही म्हणतच नाहीये. हो म्हणायच्या आधी एकदा बोलू द्या, एवढंच म्हणतेय."

"हो तर आपण म्हणून बसलोय!"

"तुम्ही म्हणालात," सारजा म्हणाली. "मी अजून म्हटलेलं नाही."

गोमाजीने डोंगा काठाकडे वळवला. अर्धी टोपली रिकामीच होती.

त्या दिवसापासून तो लेकीशी बोलेना. समोर ताट आलं, की दोन घास खाऊन उठे. घरात जणू सुतक आलं. मावशी समजवायला आली. "अगं, बोलून काय कळतं? सगळं लग्नानंतर होतं. माया लागते हळूहळू." मामा आला, त्याने धाकटीचं कारण काढलं. "थोरलीने असं काही केलं तर तिच्या पाठच्या पोरीला कोण विचारील? बापाच्या पगडीचा तरी विचार कर." सारजा सगळ्यांचं ऐकून घेई. उलट बोलत नसे. फक्त शेवटी म्हणे, "एकदाच बोलायचंय."

गोमाजीची बायको कौतिका. ती या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. लोक म्हणाले, माय लेकीला फूस देतेय. पण तिने फूसही दिली नाही आणि समजूतही घातली नाही. ती चुलीपाशी बसून शिंगाडे उकडत राहिली.

एका पहाटे गोमाजी एकटाच तळ्यावर गेला आणि डोंग्यात बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. त्याला स्वप्न पडलं. धुक्यातून डोंगे येत होते, एकामागून एक, आवाज न करता. प्रत्येकात एक जोडपं. त्यानेच जुळवलेली ती एकोणसत्तर जोडपी. काही म्हातारी झालेली, काही अजून मुंडावळ्यांत. कुणी वल्हं मारत नव्हतं, तरी डोंगे सरकत होते. त्याच्या जवळून जाताना प्रत्येक जोडपं तोंड वळवून त्याला हळूच विचारी, "काका, आता बोलू का?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जाई.

तो दचकून जागा झाला. तळ्यावर कुणीही नव्हतं. वेलांखाली एक मासा तेवढा उसळला.

स्वप्नाचा अर्थ त्याला लागला नाही, पण हट्ट जरा सैल झाला. तो मुखीच्या घरी गेला आणि अडखळत लेकीचं म्हणणं सांगितलं. मुखी लालबुंद झाला. "आमच्या पोरात काय खोट आहे म्हणून तपासणी? आमच्यात अशी रीत नाही, गोमाजी!"

तेव्हा कोपऱ्यातून सोनबा पहिल्यांदाच बोलला. "मला चालेल."

तो इतक्या घाईने बोलला, की सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

ठरलं असं, की भर दिवसा, तळ्याच्या मधोमध, एका डोंग्यात दोघं बसतील. गोमाजीचा डोंगा हाकेच्या अंतरावर राहील, पण बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ नाही.

गोमाजी दूर बसून पाहत राहिला.  आधी सारजा काहीतरी बोलली. मग सोनबा बोलू लागला आणि बोलतच राहिला. गोमाजीला नवल वाटलं. एवढा अबोल पोरगा! एकदा त्याने बाहीने डोळे पुसल्यासारखंही दिसलं. ऊन कलायला लागलं तेव्हा सारजाने हात वर करून खूण केली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे लग्न नको. सोनबा चांगला मुलगा आहे. पण नको. मी नाही म्हटलं, असंच सांगा त्यांना."

"का पण?"

"कारण माझं नाही. म्हणून सांगता येत नाही."

गोमाजीने कपाळाला हात लावला. तरी त्याने निरोप दिला. आणि मग व्हायचं ते झालं. मुखीने गोमाजीच्या घरचं पाणी वर्ज्य केलं. बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, "पोरगी शेफारली. मुलगा नाकारते म्हणजे काय!" धाकटीसाठी आलेली दोन स्थळं परत फिरली. आणि गोमाजीला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सोयरीक जुळवायला लोक त्याला बोलवेनात. स्वतःच्या घरात ज्याचं चालत नाही, तो दुसऱ्याच्या घराचं काय ठरवणार?

इज्जत परत मिळवायची म्हणून त्याने एक वाट काढली. त्याच्या चुलतभावाची एक मुलगी होती, बायजा. भाऊ वारलेला, भावजय गोमाजीच्या शब्दाबाहेर नव्हती. बायजा गरीब गाईसारखी, कामसू. देवक सारजाचंच होतं, सोनबाच्या घरापेक्षा वेगळं, म्हणजे ती अडचणही नव्हती. गोमाजीने मुखीला बायजाचं स्थळ सुचवलं. मुखीलाही आपल्या मुलाला कुणी नाकारलं हा डाग पुसायचाच होता. आठ दिवसांत सुपारी फुटली.

सारजाला कळलं तेव्हा ती बापापुढे येऊन उभी राहिली. "बाबा, मी शब्द दिला होता, तो आज मोडते. सोनबाचं मन पल्याडच्या गावातल्या कुंभाराच्या मुलीवर आहे. चार वर्षं झाली. घरी सांगायची त्याची छाती होत नाही. त्याने मला हात जोडून सांगितलं, की तू तरी नाही म्हण, मला म्हणता येत नाही."

 लक्षात घ्या, मंडळी, इथंच गोमाजीला थांबता आलं असतं. पण तो म्हणाला, "लग्नाआधी प्रत्येकाचं कुठं ना कुठं काहीतरी असतं. हळद लागली की उतरतं."

"आणि नाही उतरलं तर?"

"माझी एकोणसत्तर लग्नं उतरलीच ना पार? सत्तरावंही उतरेल."

"मग बायजाला तरी सांगा. तिला विचारा."

"पोरीला असलं सांगून तिचं मन कशाला कलुषित करू?"

मग सारजा स्वतःच गेली. बायजाच्या अंगाला तेव्हा हळद लागत होती. सारजाने कानात सगळं सांगितलं. बायजाने ऐकून घेतलं. तिचे पिवळे हात मांडीवर तसेच राहिले. "दारात मांडव पडलाय, ताई," ती म्हणाली. "आता हे घेऊन मी कुणाकडे जाऊ?"

माघात लग्न लागलं. गोमाजीने अंतरपाट स्वतः धरला. लोक म्हणाले, शेवटी गोमाजी तो गोमाजीच.

चैत्र गेला, ज्येष्ठ गेला. श्रावणात एका सकाळी सोनबा डोंगा घेऊन मासळीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. संध्याकाळी कळलं, कुंभाराची मुलगीही घरात नाही. डोंगा पल्याडच्या वाळूवर सापडला. दोघं डोंगर ओलांडून दुसऱ्या राज्यात गेली होती. ना आई-बापांचा निरोप घेता आला, ना आशीर्वाद. कुंभाराने दार लावून घेतलं. मुखी अंथरुणाला खिळला. मुखिणीने बायजाला सांगितलं, "पांढऱ्या पायाची! तुला नवरा राखता आला नाही."

बायजाला आणायला गोमाजीच गेला.

दोघं डोंग्यात बसली. पाऊस थांबून तळ्यावर वाफ उठत होती. बायजाजवळ एक गाठोडं होतं. 

"मारायचा का तो तुला?" गोमाजीने विचारलं.

"नाही हो, काका. वाईट नव्हता. ताटातली भाकरी मोडून आधी मला द्यायचा. पण सहा महिन्यांत मला नावाने हाक मारली नाही त्याने. एकदा झोपेत मारली, तर ती माझ्या नावाची नव्हती." बायजा पाण्याकडे पाहत बोलत होती. "लग्न झालं, पण मला त्यात कुणी भेटलंच नाही."

गोमाजीने वल्हं आत घेतलं. डोंगा आपोआप सरकत राहिला. त्याने वाकून पुतणीच्या पायांना हात लावला. वडील माणसाने असं करू नये, असं तिकडे मानतात. बायजाने पाय मागे ओढले आणि मग ती इतक्या वेळाने रडली.

घरी येऊन गोमाजी ओसरीवर बसला. कौतिका दिवा लावायला आली. सव्वीस वर्षं ती याच वेळी याच कोनाड्यात दिवा लावत होती.

"अगं," तो म्हणाला, "तुला तेव्हा विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

कौतिकाने वात सारखी केली. "कुणाला?"

"मला."

"काय माहीत," ती म्हणाली. "विचारलंच नाही कुणी, तर उत्तर कुठून असेल?"

"पण संसार तर बरा झाला ना आपला?"

"चांगला झाला. खोटं कशाला बोलू? तुम्ही कधी हात उगारला नाहीत, माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर तिकडे राहू दिलंत. पण सारजाचे बाबा, चांगला झाला तो तुमच्या-माझ्या स्वभावानं. रीतीनं नव्हे. त्याच मांडवात माझ्या बहिणीचंही लग्न लागलं होतं. तिचं काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे." ती जायला वळली, मग थांबली. "आणि विचारलं असतं, तर मला आवडलं असतं."

गोमाजी त्या दिव्याकडे पाहत बसला. एकोणसत्तर लग्नं मोडली नाहीत, हे तो मोजत आला होता. त्यांतली किती नुसतीच मोडली नव्हती, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या.

पहिली बायजाची. काडीमोड झाला. भोयांमध्ये अशा मुलीचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करतात. सगळे नातेवाईक लगेच घाई करू लागले. गोमाजीने त्यांना थोपवलं आणि बायजासमोर बसून विचारलं, "तुला काय हवंय, पोरी?" बायजाला प्रश्नच समजेना. त्याने पुन्हा विचारलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मला माझा एक डोंगा हवाय. लग्नाचं नंतर बघू." त्याने डोंगा कोरून दिला. लोक हसले. बायजा रोज सकाळी त्यात बसून धुक्यात शिरायची आणि टोपली भरून बाहेर यायची. सगळ्यांच्या आधी.

दुसरी गोष्ट सारजाची. आठवड्याच्या बाजारात शिंगाडे विकताना तिच्याशेजारी एक तरुण विणकर लुगडी घेऊन बसे. हरबा त्याचं नाव. दोन वर्षं शेजारी बसून दोघांनी एकमेकांना गिऱ्हाइकाशी भांडताना, हरताना, हसताना पाहिलं होतं. एके दिवशी सारजाने बापाला सरळ सांगितलं.

 भोई आणि विणकर! एकमेकांच्या हातचा माल चालतो, पण लेकी दिल्या-घेतल्या जात नाहीत. जुना गोमाजी गरजला असता. हा गोमाजी एवढंच म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा मी बोलू दिलं. आता मला माझ्या रीतीनं पाहू देशील?"

"पाहा, बाबा. पण खोट शोधायला जाऊ नका. जे असेल ते पाहा."

तो ऐन जेवणवेळी विणकराच्या घरी गेला. हरबाच्या आईने ओळख नसताना पाटपाणी केलं. हरबा आईच्या आधी जेवला नाही. विहिरीवरही कुणी वावगं बोललं नाही. पण गोमाजीच्या जुन्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली, जी तरुण डोळ्यांना दिसली नव्हती. त्या घरात मासळी शिजत नव्हती. नुसती शिजत नव्हती असं नाही, मासळी खाणाऱ्याचं भांडंही चुलीपाशी जात नव्हतं.

परत येऊन त्याने दोघांनाही समोर बसवलं. "तुम्ही दोन वर्षं बोललात. हे बोललात का? ही माहेरी येऊन मासळी खाईल, मग तुझ्या आईच्या चुलीला हात लावील का? हिची माय तुमच्याकडे आली, तर तिला पाणी कोणत्या भांड्यात देणार? आणि पोरं झाली की ती काय खातील?"

 हे ती दोघं कधी बोलली नव्हती. गोड बोलण्याच्या नादात भाताच्या भांड्याची आठवण कुणाला राहते!

"मला वेळ द्या," हरबा म्हणाला. तो पंधरा दिवस आला नाही. सारजा जेवेना. गोमाजीला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी मोडलं. सोळाव्या दिवशी हरबा आईला घेऊन आला. म्हातारी ओसरीवर टेकली आणि कौतिकाला म्हणाली, "माझ्या चुलीवर मासळी मला जमायची नाही, बाई. या वयात नाही जमायची. पण परसात दुसरी चूल मांडीन. तुम्ही आलात की त्याच तांब्यातून पाणी पिऊ, ज्यातून मी पिते. यापुढे मला ओढू नका."

"यापुढे नाही ओढत," कौतिका म्हणाली.

दोन्हीकडच्या पंचायती बसल्या. भोयांनी गोमाजीला वाळीत टाकायची भाषा केली. गोमाजी उभा राहिला. "पंचहो, जातीतलं, देवक पाहून, पत्रिका पाहून जुळवलेलं लग्न मी तुम्हाला मागे दाखवलं. त्या लग्नाने तीन घरं मोडली. माझी चूक होती, आणि ती मी रीतीप्रमाणे केली होती. आता मला रीतीविरुद्ध एक काम नीट करू द्या." पंचांनी वाळीत टाकलं नाही आणि परवानगीही दिली नाही. नुसते उठून गेले.

फाल्गुनात लग्न झालं. मांडव लहान होता. विणकरांकडून मोजकी माणसं आली, भोयांचे पुरुष तर आलेच नाहीत. पण मुहूर्त जवळ आला तसं तळ्यावरचं धुकं विरळ होऊ लागलं आणि त्यातून डोंगे दिसायला लागले. बायका येत होत्या. गोमाजीनेच कधीकाळी जुळवलेल्या लग्नांच्या नवऱ्या. कुणी तिशीची, कुणी पन्नाशीची. घरधन्यांना न सांगता आल्या होत्या, विचारून लग्न होणारी मुलगी कशी दिसते ते पाहायला.

सारजा कुठल्याही नवरीसारखीच दिसत होती. तीच हळद, त्याच मुंडावळ्या. काहीजणींना जरा निराशाच वाटली.

त्यातली सगळ्यात म्हातारी होती ती सारजापाशी गेली. तिचा हात हातात घेतला आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "बाई गं, हो म्हणताना कसं वाटलं?"

सारजाने थोडा विचार केला. "भीती वाटली, आजी."

"आम्हालाही वाटली होती."

"हो ना. पण ही माझी भीती होती. मी निवडलेली."

म्हातारीने तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

पुढे काय झालं? सारजाच्या घरी दोन चुली झाल्या, दोन्ही पेटत्या राहिल्या, आणि भांडणंही दोन्हीकडे झाली. धाकटीला उशिरा का होईना, स्थळ आलं. बायजाने चौथ्या वर्षी, स्वतः बोलून, एका विधुर नावाड्याशी पाट लावला. आणि गोमाजीकडे लोक हळूहळू पुन्हा येऊ लागले, कारण चौकशी करावी तर त्यानेच. तो अजूनही ऐन जेवणवेळी जायचा, अजूनही विहिरीवर गप्पा मारायचा. पण सगळं पाहून झालं की शेवटी मुलीला आणि मुलाला वेगवेगळं बसवून विचारायचा, "तुझं काय म्हणणं आहे?" आणि उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, वाट पाहायचा.

तात्पर्य: घर पारखावं वडीलधाऱ्यांनी, पण ज्यांना संसार करायचा त्यांना विचारल्याशिवाय कुणीच हो म्हणू नये.